मेशलेटचा हिशेब काठावर मांडा

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या त्रिमितीय स्कॅन संग्रहात लूसी नावाची एका देवदूताची मूर्ती आहे. ग्राफिक्समध्ये काम करणाऱ्या बहुतेकांनी ती कधी ना कधी पडद्यावर आणलेली असते. तिच्यात २,८०,५५,७४२ त्रिकोण आणि १,४०,२७,८७२ व्हर्टेक्स आहेत. फोर-के पडद्यावर पिक्सेल असतात ८२,९४,४००. म्हणजे मूर्तीने अख्खा पडदा व्यापला, तरी एका पिक्सेलमागे तीनपेक्षा जास्त त्रिकोण येतात, आणि त्यातले जवळपास निम्मे आपल्याकडे पाठ करून असतात. अशी घनदाट भूमिती जीपीयूला झेपावी म्हणून गेल्या दशकभरात जी वाट रुळली, ती मेशलेट आणि मेश शेडरची. या वाटेवर बरेवाईट काय होणार हे ज्या एका गोष्टीवर ठरतं, ती गोष्ट म्हणजे मेशलेटचा काठ. हा लेख त्याच गोष्टीचा पाठपुरावा करतो.

आधी जुन्या पद्धतीची अडचण पाहू. इंडेक्स बफर म्हणजे त्रिकोणांची एक लांबलचक यादी. जीपीयूमधला एक ठरावीक कामाचा भाग ती क्रमाने वाचतो, कोणता व्हर्टेक्स नुकताच येऊन गेला हे तपासतो आणि त्यानुसार व्हर्टेक्स शेडरसाठी गठ्ठे बांधतो. मूर्ती तीच, यादी तीच, तरीही ही तपासणी दर फ्रेमला पहिल्यापासून होते. पाठमोरा त्रिकोणही त्याचे तिन्ही व्हर्टेक्स शेडरमधून काढून झाल्यावरच बाद ठरतो. हजारो कोअर हाताशी असताना सगळा ओघ एका अरुंद दरवाजातून जातो.

मेशलेटची कल्पना अशी, की हे गठ्ठे एकदाच, मॉडेल तयार करतानाच बांधून ठेवायचे. मेशलेट म्हणजे शेजारशेजारच्या त्रिकोणांचा छोटा तुकडा. आपले व्हर्टेक्स कोणते याची छोटी यादी त्याच्यापाशी असते, आणि त्रिकोणांचे इंडेक्स त्या छोट्या यादीतले, म्हणजे एकेका बाइटचे असतात. २०१५च्या सिग्राफमध्ये उलरिख हार आणि सेबॅस्टियन आल्टोनेन यांनी ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’साठी ६४ व्हर्टेक्सचे तुकडे पाडून ते जीपीयूवरच गाळण्याची पद्धत मांडली होती. २०१८मध्ये एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीने त्यासाठी हार्डवेअरमध्ये स्वतंत्र मार्ग दिला. तो २०२०मध्ये डायरेक्टएक्स १२ अल्टिमेटमध्ये आला आणि २०२२मध्ये व्हल्कनमध्ये सर्वांसाठी खुला झाला.

मेश शेडर दिसायला कॉम्प्युट शेडरसारखाच असतो. एक थ्रेडगट एक मेशलेट हाताळतो, व्हर्टेक्स लिहितो, त्रिकोण लिहितो आणि थेट रास्टरायझरच्या हाती देतो:

```hlsl
[numthreads(128, 1, 1)]
[outputtopology("triangle")]
void main(uint t : SV_GroupThreadID, uint g : SV_GroupID,
          out vertices VOut verts[64],
          out indices uint3 tris[124])
{
    Meshlet m = meshlets[g];
    SetMeshOutputCounts(m.vertCount, m.triCount);
    if (t < m.vertCount) verts[t] = LoadVertex(m, t);
    if (t < m.triCount)  tris[t]  = LoadTriangle(m, t);
}
```

डायरेक्टएक्स एका गटाला २५६ व्हर्टेक्स, २५६ त्रिकोण आणि १२८ थ्रेडपर्यंत मुभा देतं. तरीही एनव्हिडियाने सुरुवातीला ६४ व्हर्टेक्स आणि १२६ त्रिकोण हा आकडा सुचवला. त्यामागे साधं गणित होतं. त्रिकोणांचे स्थानिक इंडेक्स १२८ बाइटांच्या हप्त्यांनी साठवले जातात. १२६ त्रिकोणांचे ३७८ बाइट आणि मोजणीचे ४ मिळून ३८२ होतात, ते तीन हप्त्यांच्या ३८४ बाइटांत नेमके बसतात. अनेक जण पुढे १२४वर थांबले, कारण ती संख्या चारच्या पटीत येते. प्रत्यक्षात मात्र मेशलेट या दोन्ही आकड्यांच्या आसपासही फिरकत नाही. असं का होतं, ते पाहू.

छिद्र नसलेला, सलग एका तुकड्याचा पृष्ठभाग घ्या. त्याला ऑयलरचं सूत्र लावलं, की त्रिकोण T, व्हर्टेक्स V आणि काठावरचे व्हर्टेक्स B यांचं नातं मिळतं:

```
T = 2V - B - 2
```

६४ व्हर्टेक्स असतील तर त्रिकोण १२६ वजा B. म्हणजे १२६ त्रिकोण हवे असतील तर काठ शून्य असायला हवा, आणि काठ नसलेला तुकडा हा तुकडाच नव्हे. पूर्ण बंद गोळा घेतला, तरी ६४ व्हर्टेक्समध्ये १२४च त्रिकोण बसतात. आता आठ बाय आठचा चौकोनी तुकडा घ्या. काठावर २८ व्हर्टेक्स, म्हणून त्रिकोण ९८. तेच ६४ व्हर्टेक्स बत्तीसच्या दोन ओळींत लांबट पट्टीसारखे मांडले, तर सगळेच काठावर येतात आणि त्रिकोण उरतात फक्त ६२. शेताची वाटणी लांबट पट्ट्यांत केली की बरीचशी जमीन बांधाखाली जाते, तसंच हे.

लूसीच्या बाबतीत याची किंमत मोजू. प्रत्यक्षातले मेशलेट आदर्श चौकोनी नसतात, म्हणून सरासरी ९० त्रिकोण धरू. तुकडे होतात सुमारे ३,११,७३०. काठावरचा प्रत्येक व्हर्टेक्स शेजारच्या मेशलेटमध्येही पुन्हा येतो, त्यामुळे मेश शेडरला १ कोटी ४० लाखांऐवजी जवळपास २ कोटी व्हर्टेक्स हाताळावे लागतात, म्हणजे साधारण ४२ टक्के जादा. हा भार परवडतो. पट्ट्या पाडल्या तर मात्र तुकडे साडेचार लाखांवर जातात, आणि व्हर्टेक्सचं काम मूळच्या दुपटीहून जास्त होतं. जागेचा हिशेब मात्र सुखाचा आहे. ३२ बिटांच्या इंडेक्स बफरला या मूर्तीसाठी ३३.७ कोटी बाइट लागतात. ९० त्रिकोणांच्या मेशलेटला व्हर्टेक्सचे २५६, त्रिकोणांचे २७० आणि वर्णनाचे १६ असे ५४२ बाइट पुरतात. एकूण झाले १६.९ कोटी, म्हणजे निम्मे.

काठाचा दुसरा परिणाम गाळणीवर होतो. मेश शेडरच्या आधी अँप्लिफिकेशन शेडर चालवता येतो. व्हल्कनमध्ये त्याला टास्क शेडर म्हणतात. तो एका थ्रेडमागे एक मेशलेट तपासतो आणि दिसण्याची शक्यता असलेलेच पुढे पाठवतो. तपासण्या तीन असतात: मेशलेटचा गोल कॅमेऱ्याच्या चौकटीत येतो का, तो आधीच्या डेप्थ पिरॅमिडमागे झाकला गेलाय का, आणि त्याचे सगळे त्रिकोण पाठमोरे आहेत का. तिसऱ्या तपासणीसाठी सगळ्या नॉर्मलना सामावून घेणारा एक शंकू आधीच काढून ठेवतात. आर्सेनी कापुलकिन यांच्या meshoptimizer या लायब्ररीत ती अशी लिहिली जाते:

```c
dot(center - camera, cone_axis) >=
    cone_cutoff * length(center - camera) + radius   // बाद
```

या एका ओळीत `radius` आणि `cone_cutoff` या दोन्ही संख्या तुकड्याच्या आकारावर ठरतात. एका कडेची लांबी एकक धरली, तर आठ बाय आठच्या तुकड्याचा व्यास दहाच्या आत राहतो. बत्तीसच्या दोन ओळींची पट्टी ३१ एकक लांब होते. गोल तिप्पट मोठा झाला, की चौकटीच्या आणि झाकोळाच्या तपासणीतून मेशलेट उगाचच वाचतात. वळणदार पृष्ठभागावर तीच पट्टी तिप्पट वळणातून जाते, त्यामुळे नॉर्मल पसरतात आणि शंकू रुंदावतो. पसारा अर्धगोलाच्या जवळ गेला, की शंकूचा उपयोग संपतो. लायब्ररी तेव्हा `cone_cutoff` १ करते आणि तो मेशलेट पाठमोरा म्हणून कधीच बाद होत नाही. चूक कुठेच दिसत नाही, चित्रही बरोबर येतं, फक्त वेग मिळत नाही.

मग पट्ट्या होतातच कशाला? बहुतेक वेळा घाईमुळे. व्हर्टेक्स कॅशसाठी क्रम लावलेला इंडेक्स बफर हाताशी असतो, आणि तोच सुरुवातीपासून चौसष्ट-चौसष्ट व्हर्टेक्सवर कापणं सोपं वाटतं. पण तो क्रम कॅशच्या सोयीने ओळीओळीने सरकतो, म्हणून तुकडेही लांबट पडतात. `meshopt_buildMeshlets` वेगळ्या रीतीने जातं. ते एका त्रिकोणापासून सुरुवात करतं आणि दर पावलाला असा शेजारी निवडतं, जो नवे व्हर्टेक्स कमीत कमी आणेल आणि केंद्रापासून फार दूर नसेल. `cone_weight` हा आकडा वाढवला, की ते नॉर्मलच्या सारखेपणालाही वजन देतं. फार वाढवला, की गोलाईचा बळी देऊन सपाटपणा मिळतो. शंकूची तपासणी वापरणारच नसाल, तर तो शून्य ठेवावा.

गठ्ठे बांधण्याआधीची एक चूक मात्र कोणतीही पद्धत सावरू शकत नाही. मॉडेलमधल्या प्रत्येक त्रिकोणाला स्वतःचे तीन व्हर्टेक्स असतील, मग ते कडक नॉर्मलमुळे असो वा निर्यात करताना इंडेक्सच न बनल्यामुळे, तर बांधणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने कोणी कोणाचा शेजारीच नाही. ६४ व्हर्टेक्समध्ये २१ त्रिकोण मावतात आणि सगळे मेशलेट बरोबर २१वर अडतात. सरासरी २१ छापून आली, की शेडर तपासत बसू नका, आधी व्हर्टेक्स जोडा. टेक्श्चरच्या शिवणीवरही हेच घडतं, फक्त थोड्या प्रमाणात.

अँप्लिफिकेशन शेडरमधली एक चूक मात्र चित्रातच दिसते. उदाहरणादाखल दिलेल्या बऱ्याच कोडमध्ये वाचलेल्या मेशलेटचे क्रमांक `WavePrefixCountBits`ने एकापुढे एक लावतात. ३२ थ्रेडचा गट आणि ३२ थ्रेडची वेव्ह असेल तोवर सगळं ठीक चालतं. वेव्ह १६ची असलेल्या कार्डावर गटात दोन वेव्ह येतात, दोघीही शून्यापासून मोजतात आणि एक दुसरीच्या जागी लिहिते. एका कंपनीच्या कार्डावर मूर्ती अखंड आणि दुसऱ्याच्या कार्डावर तिला मेशलेटच्या आकाराची भोकं दिसली, तर संशय इथेच घ्यावा. उपाय म्हणजे `groupshared` मोजणी आणि `InterlockedAdd`. हा टप्पा पूर्ण वगळण्याचा मोह झाला, तरी एक मर्यादा आठवावी. `DispatchMesh`ला एका दिशेत ६५,५३५ गटांपेक्षा जास्त चालत नाहीत, आणि लूसीचे मेशलेट तीन लाखांवर आहेत. बत्तीसच्या हिशेबाने अँप्लिफिकेशन गट फक्त ९,७४२ होतात आणि प्रश्न सुटतो.

आता मुद्द्याचा सर्वांत अवघड भाग. मूर्ती दूर गेली, पडद्यावर दोनशे पिक्सेल उंच उरली. गाळणीने निम्मे मेशलेट कमी झाले, तरी दीड लाख उरतात. इथे तपशीलच कमी करायला हवा. सोपा विचार असा, की प्रत्येक मेशलेट स्वतंत्रपणे साधा करून ठेवू आणि दूर गेल्यावर साधा वापरू. पण शेजारी अजून तपशीलवार असेल, तर दोघांमध्ये फट पडू नये म्हणून काठ जसाच्या तसा ठेवावा लागतो. सूत्रात बघा: आठ बाय आठच्या तुकड्यातून आतले सगळे ३६ व्हर्टेक्स काढले, तरी काठावरचे २८ उरतात आणि त्यांना किमान २६ त्रिकोण लागतात. लूसीला हेच लावलं, तर ती कितीही दूर गेली तरी ८१ लाख त्रिकोणांच्या खाली येतच नाही. दोनशे पिक्सेलच्या मूर्तीसाठी जवळपास फोर-के पडद्याइतके त्रिकोण!

यावरचा तोडगा ब्रायन कॅरिस आणि सहकाऱ्यांनी २०२१च्या सिग्राफमध्ये अनरियल इंजिन ५च्या नॅनाइटबद्दल सांगताना तपशीलाने मांडला. तुकड्याऐवजी तुकड्यांचा गट साधा करायचा. आपले चार तुकडे दोन-दोन असे जोडून पाहा. १५ बाय १५ व्हर्टेक्स, ३९२ त्रिकोण आणि बाहेरचा काठ ५६चा. कुलूप फक्त या बाहेरच्या काठाला लागतं. चार तुकड्यांमधला अधिक चिन्हासारखा आतला काठ मोकळा होतो. १९६ त्रिकोणांपर्यंत साधं करून त्याचे नव्याने दोन मेशलेट पाडायचे. पुढच्या पातळीवर गट पुन्हा नव्याने ठरवायचे, असे की मघाचा बाहेरचा काठ या वेळी कुठल्या तरी गटाच्या आत येईल. कोणताही काठ सलग दोनतीन पातळ्या कुलुपात राहत नाही, म्हणून अडगळ साचत नाही. दर पातळीला त्रिकोण निम्मे होत लूसी अठरा-एकोणीस पातळ्यांत एका मेशलेटवर येते, आणि सगळ्या पातळ्या मिळून साठा मूळच्या साधारण दुप्पटच होतो.

यातली खरी करामत निवडीत आहे. कोणता मेशलेट काढायचा हे प्रत्येक थ्रेड शेजाऱ्याला न विचारता ठरवतो:

```
draw = (parentError > threshold) && (selfError <= threshold)
```

म्हणजे मी पुरेसा अचूक आहे, पण माझा साधा अवतार पुरेसा अचूक नाही, तर मी दिसायचं. हे बिनचूक चालण्यासाठी दोन अटी आहेत. साध्या पातळीची चूक बारीक पातळीच्या चुकीपेक्षा कधीही कमी नसावी. आणि एकाच गटातून निघालेल्या सगळ्या मेशलेटची चूक आणि ती पडद्यावर मोजण्यासाठी वापरलेला गोल एकच असावा. दुसरी अट मोडणं फार सोपं आहे. गोल हाताशी असतोच, म्हणून मेशलेटचा स्वतःचा गोल वापरला जातो. मग एकाच गटातला जवळचा मेशलेट बारीक राहतो, दूरचा साधा होतो, आणि कॅमेरा पुढेमागे करताना पातळी बदलते त्या पट्ट्यात भोकं किंवा एकावर एक चढलेले पृष्ठभाग लखलखताना दिसतात. स्थिर कॅमेऱ्यात ही चूक सुटून जाऊ शकते, म्हणून चाचणी हलत्या कॅमेऱ्याने करावी.

काठाची शेवटची खोडी साठवणुकीत असते. जागा वाचवायला व्हर्टेक्सची स्थानं कमी बिटांत बसवतात, आणि प्रत्येक मेशलेटची स्वतःची चौकट असल्याने त्याच चौकटीत मोजणं साहजिक वाटतं. पण डावा मेशलेट १० मिलिमीटर रुंद आणि उजवा १३ मिलिमीटर असेल, तर दोघांची पायरी वेगळी. काठावरचा एकच व्हर्टेक्स दोन ठिकाणी दोन किंचित वेगळ्या जागी गोल होतो. शेजारच्या त्रिकोणांत फट न पडण्याची हमी रास्टरायझर देतो, ती दोघांच्या सामाईक व्हर्टेक्सचं स्थान शेवटच्या बिटापर्यंत सारखं असेल तेव्हाच. नाही तर मेशलेटच्या कडेने मागची पार्श्वभूमी सुईच्या टोकांएवढी चमकू लागते. पार्श्वभूमी गडद गुलाबी करून मूर्ती हळूहळू फिरवली, की असे ठिपके लगेच पकडता येतात. नॅनाइटप्रमाणे अख्ख्या वस्तूसाठी एकच जाळी ठरवावी आणि मेशलेटने फक्त त्या जाळीवरचं आपलं आरंभस्थान साठवावं.

एवढं सगळं जमल्यावर मेश शेडरची मर्यादा पुढे येते. तपशील पिक्सेलभर चुकीपर्यंत उतरवला, की त्रिकोणही पिक्सेलएवढे होतात. हार्डवेअर पिक्सेल शेडर दोन बाय दोनच्या चौकडीत चालवतं, म्हणजे एका पिक्सेलच्या त्रिकोणासाठी चार थ्रेड कामाला लागतात आणि तीन वाया जातात. म्हणून नॅनाइट छोटे त्रिकोण हार्डवेअरच्या रास्टरायझरकडे देतच नाही, कॉम्प्युट शेडरमध्ये स्वतः भरतं आणि ६४ बिटांच्या अॅटॉमिक क्रियेने लिहितं: वरचे ३० बिट खोलीचे, २७ मेशलेटच्या क्रमांकाचे, ७ त्रिकोणाच्या क्रमांकाचे. सात बिटांत १२८ त्रिकोण मोजता येतात, आणि नॅनाइटचा तुकडाही १२८ त्रिकोणांचाच असतो. रंग आणि प्रकाश नंतर, प्रत्येक पिक्सेलला एकदाच. मेश शेडर मोठ्या त्रिकोणांसाठी उरतो.

प्रत्येक खेळाला हे सारं लागत नाही. काहीशे त्रिकोणांच्या खुर्चीला पाचसात मेशलेट होतील, आणि तिला गाळण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात ती जुन्या मार्गाने काढूनही होईल. जुन्या कार्डांचाही विचार हवा. रेमेडीचा ‘अॅलन वेक २’ २०२३मध्ये आला, तेव्हा मेश शेडर नसलेल्या कार्डांवर तो धड चालत नव्हता. पण मूर्ती, खडक, झाडांची खोडं, स्कॅन केलेल्या वास्तू असं दाट काही दाखवायचं असेल, तर सुरुवात शेडर लिहिण्यापासून करू नका. मेशलेट बांधून झाल्यावर तीन आकडे छापून बघा: मेशलेटमागे सरासरी त्रिकोण, एकूण व्हर्टेक्सला मूळ व्हर्टेक्सने भागून आलेलं प्रमाण, आणि निकामी शंकू असलेल्या मेशलेटचा वाटा. पहिला आकडा ८५च्या वर, दुसरा दीडच्या आत आणि तिसरा नगण्य असेपर्यंत शेडरमधली कोणतीही सुधारणा फारसा हात देणार नाही.